दुबईचा २६ तासांचा थांबा, बॅगा आणि व्हिसा: आमचं उत्तर

रिव्ह्यू (५ पैकी २ स्टार): "जाताना हैदराबाद-दुबई-टोरांटो, बॅगा थेट टोरांटोला मिळाल्या. येताना तेच दुबई, तेच तिकीट, पण रात्री सहा बॅगा पट्ट्यावरून उतरवून हॉटेलवर न्याव्या लागल्या, सोबत सत्तरीचे आई-अप्पा. या ट्रॅव्हल एजन्सीवाल्यांच्या मेसेजमध्ये 'लेओव्हर' लिहिलेलं. वर तिघांच्या व्हिसाचे पैसे घेतले. जाताना व्हिसा लागला नाही, मग येताना कशाला? नुसते पैसे काढायचे धंदे. — लातूर"

मालकाचं उत्तर:

दादा, नमस्कार. आधी आमची चूक सांगतो. आमच्या ऑफिसातून तुम्हाला गेलेला व्हॉट्सअॅप मेसेज मी काढून बघितला. त्यात "दुबई लेओव्हर २६ तास ५० मि." असं लिहिलंय. ते चूक आहे. तो लेओव्हर नव्हताच, स्टॉपओव्हर होता, आणि बॅगा दुबईत घ्याव्या लागतील हे त्यात कुठंच नाही. आई-अप्पांना त्या पट्ट्याजवळ ताटकळावं लागलं ते आमच्यामुळे. व्हिसाचं मात्र तसं नाही. ते पैसे घेतले नसते तर तुमचा प्रवास टोरांटोच्या काउंटरवरच थांबला असता. का, ते सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न आमच्याकडे बसलेल्या दर चार गिऱ्हाइकांत एकाचा असतो.

आंतरराष्ट्रीय तिकिटात मधल्या ठिकाणी २४ तासांच्या आत पुढचं विमान असेल तर ती नुसती जोडणी, म्हणजे लेओव्हर. २४ तासांच्या वर गेलं की स्टॉपओव्हर. विमान उतरायच्या छापील वेळेपासून पुढचं सुटायच्या छापील वेळेपर्यंत हे तास मोजतात. तुम्ही हॉटेलात झोपलात की विमानतळावरच्या खुर्चीत, याचा त्याच्याशी संबंध नाही.

जाताना दुबईत तुमचा थांबा साडेचार तासांचा होता. हैदराबादला बॅगांना जो टॅग लावला, त्यावर मोठ्या अक्षरात YYZ होतं, म्हणजे टोरांटो. DXB, म्हणजे दुबई, नुसतं मधलं ठिकाण म्हणून बारीक छापलेलं. तुम्ही ट्रान्स्फरच्या पाटीमागे गेलात, सुरक्षा तपासणी झाली, पुढच्या गेटवर बसलात. पासपोर्टवर शिक्का नाही, कारण कागदोपत्री तुम्ही त्या देशात शिरलाच नाहीत. म्हणून व्हिसाही लागला नाही.

येताना काय झालं बघा. तुम्हीच म्हणाला होतात, भाचा दुबईत आहे, एक दिवस त्याच्याकडे काढू. आम्ही दोन पर्याय दिले. दोन्हींत टोरांटोचं विमान दुबईला शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता उतरत होतं. हैदराबादसाठी एक विमान शनिवारी संध्याकाळी ६.२० चं, दुसरं रात्री ९.५० चं. भाच्याकडे निवांत जेवण होईल म्हणून तुम्ही रात्रीचं घेतलं. पहिल्यात थांबा २३ तास २० मिनिटांचा, दुसऱ्यात २६ तास ५० मिनिटांचा. साडेतीन तासांचा फरक, पण त्यानं तिकिटाचा प्रकारच बदलला. स्टॉपओव्हर झाला की एअरलाइनच्या लेखी बॅगेचा प्रवास तिथं संपतो. म्हणून टोरांटोच्या टॅगवर मोठ्या अक्षरात DXB आलं. तिकीट एकच असलं तरी बॅगा पट्ट्यावर येणार, तुम्ही उचलणार आणि दुसऱ्या दिवशी परत काउंटरवर देणार. हे त्याच दिवशी तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर कदाचित तुम्ही ६.२० चं घेतलं असतं.

आणि हो, परत देताना वजन पुन्हा होतं. रिव्ह्यूत नाही लिहिलंत, पण दुबईतल्या खजुरांमुळे एका बॅगेतून दुसरीत सामान हलवावं लागलं, हे अप्पांनी फोनवर सांगितलं मला.

आता व्हिसा. इथं लोकांची गल्लत होते, कारण बॅगेचा नियम वेगळा आणि व्हिसाचा वेगळा. बॅग तासांवर आणि तिकिटावर ठरते. व्हिसा ठरतो तुम्ही इमिग्रेशनचा काउंटर ओलांडता की नाही यावर. ६.२० चं विमान घेतलं असतंत तर बॅगा बहुधा थेट हैदराबादला गेल्या असत्या, पण भाच्याकडे जायला व्हिसा तरीही लागलाच असता. आणि ९.५० च्या विमानात बाहेर पडायचं नाही म्हटलं असतं तरी चाललं नसतं, कारण बॅगा इमिग्रेशनच्या पलीकडच्या पट्ट्यावर. तुमच्या तिघांकडे दुबईचा व्हिसा नव्हता. तिथला ट्रान्झिट व्हिसा ४८ तासांचा किंवा ९६ तासांचा असतो, आणि तो एअरलाइनमार्फत निघण्याआधीच काढावा लागतो. आम्ही तोच ४८ तासांचा काढला. एअरलाइन विमानात बसवायच्या आधी हे कागद तपासते, कारण बिनव्हिसाचा प्रवासी नेला तर परत आणायचा खर्च आणि दंड तिच्या अंगावर येतो.

तुमच्याच गल्लीतल्या एकांनी ऑनलाइन दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडून घेतली होती, मध्ये फक्त पाच तास. दिसायला लेओव्हर. पण पीएनआर दोन, त्यामुळे पहिल्या तिकिटाची बॅग मधल्या विमानतळावरच उतरणार होती. ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडायचं, म्हणजे व्हिसा, आणि तो त्यांच्याकडे नव्हता. हैदराबादच्या चेक-इनवरूनच माघारी आले. पाच तास आहेत, २४ च्या आत आहे, हे तिथं काही कामाला आलं नाही.

सगळे देश दुबईसारखेही नाहीत. अमेरिकेत दोन तासांची जोडणी असली तरी पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतंच, आणि त्यासाठी व्हिसा लागतो. आपल्याकडेही परदेशातून मुंबईला उतरून पुढं छत्रपती संभाजीनगरचं विमान धरायचं असेल, तर बॅगा सहसा मुंबईलाच कस्टम्ससाठी घ्याव्या लागतात, थांबा कितीही लहान असो.

तुमच्या तिकिटावरचा आमचा सर्व्हिस चार्ज काल परत पाठवलाय. व्हिसाची रक्कम एअरलाइनकडे गेलेली आहे, ती परत करता येत नाही. पावती ऑफिसात आहे, कधीही बघा. या आठवड्यापासून आमच्या प्रत्येक आयटिनररीत थांब्याखाली दोन ओळी वेगळ्या लिहितोय: बॅग कुठं मिळणार, आणि बाहेर पडायला व्हिसा लागतो का.

डिसेंबरमधलं आई-अप्पांचं टोरांटोचं तिकीट तुम्ही आमच्याकडेच केलंय, हे तुमचं मोठेपण. त्यात येताना दुबईत ९ तासांचा थांबा आहे, म्हणजे बॅगा मध्ये हाताला लागणार नाहीत. अप्पांच्या बीपीच्या गोळ्या आणि आईंचा स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. टोरांटोला काउंटरवरून हलायच्या आधी धाकट्या भावाला टॅग वाचायला सांगा. मोठ्या अक्षरात HYD दिसलं पाहिजे. DXB दिसलं तर तिथंच थांबून मला फोन करायचा, आपल्याकडे मध्यरात्र असली तरी.