"व्हेक्टरच आहे ती फाइल!" नाही, नाहीये

फाइलच्या नावापुढे .svg आहे म्हणून ती कामाची व्हेक्टर, म्हणजे रेषा-वक्रांनी नीट काढलेली, होत नाही. हे किती वेळा सांगायचं? आज पुन्हा तेच. गिऱ्हाईकाला 200 मिमी रुंदीचा, 12 मिमी जाडीचा लोगो हवाय, कडेला 3 मिमीची बेव्हल, "कडा एकदम क्लीन पाहिजेत, फाइल तयारच आहे, फक्त थ्रीडी करायचंय." फक्त!

इंकस्केपमध्ये उघडून आऊटलाइन मोडला टाकली आणि एकट्या S या अक्षरावर 214 नोड, म्हणजे रेषेला वळण देणारे बिंदू. हाताने नीट काढलेल्या S ला पंधरा-वीस नोड पुरतात. कुणीतरी धुरकट जेपेग ऑटो-ट्रेसमधून काढून, नाव बदलून पाठवून दिलंय. पडद्यावर सगळं गुळगुळीत दिसतं, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण बेव्हल म्हणजे काय हो? आऊटलाइन आत सरकवायची आणि वर उचलायची. आत सरकवलं की प्रत्येक नोडचं पाप बाहेर येतं.

त्या S च्या वरच्या टोकाचा कोपरा झूम करून पाहिला. कोपरा एका नोडचा हवा. इथे तीन नोड, शेजारच्या दोघांतलं अंतर 0.05 मिमी, आणि मधे एक बारीक फुगीर वळण. त्या वळणाची त्रिज्या असेल 0.2 मिमी. आता ही रेषा 3 मिमी आत सरकवा. 0.2 च्या त्रिज्येतून 3 वजा झाले की उरतं काय? वळण उलटं होतं, रेषा स्वतःलाच ओलांडते आणि बेव्हलवर टाचणीसारखा काटा उभा राहतो. थ्रीडीचा ब्लेंडर तो काटा काढून देत नाही, तो बिचारा बिंदू ढकलतो एवढंच. मग आपण मेशमध्ये, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीत, बसून एकेक काटा उपटायचा, आणि दुरुस्त केलेल्या फाइलमध्ये कुणीतरी "लोगो जरा मोठा करा" म्हणालं की पुन्हा पहिल्यापासून. मेश दुरुस्त करत बसणं हा चुकीच्या जागी केलेला कष्ट आहे. दुरुस्ती पाथमध्येच, म्हणजे मूळ रेषेतच करायची.

आणि कृपा करून `Path > Simplify` सुचवू नका. त्याने नोड कमी होतात हे खरं, पण टोकदार कोपरेही गोल होतात आणि सरळ रेषांना पोट येतं. ट्रेस खाली फिकट करून लॉक करायचा आणि वरून पेन टूलने नवा आकार काढायचा, वक्राच्या सर्वात वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या बिंदूवर नोड ठेवत. हे सगळ्यांना माहीत आहे, पण पैसे कुणी द्यायला तयार नसतं, कारण "लोगो तर आहेच ना."

आता त्या 3 मिमीच्या हट्टाकडे येऊ. याच लोगोत अक्षरांची सर्वात बारीक पट्टी 5 मिमी आहे. दोन्ही बाजूंनी 3-3 मिमी आत आलो तर 6 होतात. पाचातून सहा कसे जाणार? पट्टी मध्येच धारेसारखी मिटते आणि दोन्ही बेव्हल एकमेकींत घुसतात. बारीक पट्टीच्या निम्म्याहून कमी, हाच नियम. इथे 2 मिमी धरली तर वर 1 मिमी सपाट पृष्ठभाग राहतो. त्याहून जास्त हवी असेल तर लोगो मोठा करा किंवा पट्टी जाड करा. गणिताशी वाद घालून काय मिळतं?

ब्लेंडरमध्येही एक खोड आहे, तिने किती जणांचा लोगो जाडा झाला असेल देव जाणे. कर्व्हला `Bevel Depth` दिला की आकार बाहेरच्या बाजूला फुगतो. 2 मिमी बेव्हल दिली तर प्रत्येक कड 2 मिमी बाहेर जाते आणि अक्षरांमधली फट 4 मिमीने कमी होते. म्हणून `Offset` मध्ये -2 टाकायचं. शिवाय `Extrude` दोन्ही बाजूंना जातो आणि बेव्हल मागेही लागते. मागची बाजू भिंतीला टेकणार, ती सपाट हवी. मग `Extrude` 5, बेव्हल 2, एकूण 14 मिमी, आणि मागचे 2 मिमी कापून टाकले की 12. सरळ 45 अंशाची कड हवी तर `Resolution` 0. हे आकडे टाकण्याआधी ऑब्जेक्टचा स्केल `Ctrl+A` ने लावून घ्यायचा, नाहीतर स्केल बेव्हललाही गुणतो आणि 2 चे भलतेच काहीतरी होतात. मेशमध्ये बदलल्यावर `Merge by Distance` विसरलात तर वरची झाकणं भिंतींना जोडलेलीच नसतात. दिसायला बंद, प्रत्यक्षात उघडी. मॉडेलचे छपाईसाठी थर पाडणारा स्लायसर मग त्या थरांत भोकं पाडतो आणि दोष मात्र प्रिंटरला मिळतो.

थ्रीडी छपाईसाठीच हवं असेल तर मी आता ब्लेंडरच्या नादी लागत नाही. थर 0.2 मिमीचा असेल तर 2 मिमीची 45 अंशाची बेव्हल म्हणजे प्रिंटरच्या दृष्टीने दहा पायऱ्याच. मग त्या पायऱ्याच बनवा की, कोड लिहून आकार बनवणाऱ्या ओपनस्कॅडमध्ये:

```
linear_extrude(10) import("logo.svg");
for (i=[0:9]) translate([0,0,10+i*0.2])
  linear_extrude(0.2)
    offset(delta=-(i+1)*0.2) import("logo.svg");
```

इथला `offset` रेषा स्वतःवर पडू लागली की तो तुकडाच टाकून देतो, काटा उगवत नाही. मात्र पट्टी फार बारीक असेल तर ती वरच्या थरांतून गुपचूप नाहीशी होते, म्हणून शेवटचा थर एकदा डोळ्यांनी पाहायचाच. आणि खरखरीत आऊटलाइन खरखरीतच राहते, पाथ साफ केल्याशिवाय हेही काम करत नाही. गोल बेव्हलचा आग्रह धरणारे वेगळेच. वरच्या बाजूला गोलाई आडवी होत जाते, पायऱ्या रुंद होतात, आणि नकाशावरच्या डोंगरासारख्या रेषा उमटतात. मग फोन येतो, "फिनिशिंग नीट नाही."

मिलिंगवाल्यांनाही मेशची एसटीएल फाइलच पाठवतात लोक! कशाला? सरळ कडेच्या बेव्हलसाठी मशिनला मेश लागतच नाही. साफ आऊटलाइन द्या आणि सांगा: 90 अंशाचा व्ही-बिट, 2 मिमी खोल. कड 2 मिमी रुंद येते. 60 अंशाचा बिट त्याच खोलीवर चालवला तर रुंदी 1.15 मिमीच भरते, म्हणून बिटचा कोन विचारल्याशिवाय खोली सांगू नका. मेश दिला की गोल टोकाचा बॉल-नोज बिट पृष्ठभागभर फिरत बसतो, वेळ कितीतरी पट जातो आणि वर बारीक लाटा राहतात. वक्राचे तुकडे केलेले असतील तर त्यांचे पैलूही लाकडात उमटतात. शिवाय शीट जरा वाकलेली असेल तर व्ही-बिटची कड एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद होते. शीट दाबून बसवा किंवा आधी वरून सपाट करून घ्या. त्यात 0.2 मिमीचा फरक राहिला तर 90 अंशाच्या बिटला रुंदीतही 0.2 चाच फरक पडतो, आणि लांब सरळ कडेवर तो दिसतो.

आतले कोपरे सुईसारखे हवेत म्हणणाऱ्यांना एकच सांगणं. बाहेरची कड 6 मिमीच्या कटरने कापली तर आतल्या कोपऱ्यात 3 मिमीची गोलाई राहणार. कटर गोल आहे, तो चौकोनी होणार नाही. व्ही-बिटही शंकूच असतो, त्यामुळे बेव्हलच्या वरच्या काठालाही तिथे 2 मिमीची गोलाई येते. टोकदार हवं असेल तर छिन्नी घेऊन हाताने काढावं लागेल, आणि त्याचे तास बिलात धरावे लागतील.

S च्या त्या 214 नोडचं स्क्रीनशॉट घेऊन पाठवलंय. उत्तर आलं: "पण फाइल तर उघडतेय ना?"