ताईंच्या हातात आपल्या बिल्डिंगची काच घुसली

आज सकाळी सव्वाआठला बी विंगच्या जिन्याखाली आपल्या कचरा गोळा करणाऱ्या ताई बसल्या होत्या. डाव्या हाताचा पंजा उजव्या हाताने घट्ट धरलेला, साडीच्या पदरावर रक्त, आणि समोर दोन गाठी मारलेली काळी पिशवी अर्धवट उघडलेली. पिशवीत वरणभात, आंब्याच्या साली, दुधाच्या पिशव्या, एक डायपर आणि या सगळ्याच्या खाली गेल्या वर्षीच्या लोणच्याची फुटलेली बरणी. नव्या लोणच्यासाठी कुणीतरी बरणी रिकामी करायला घेतली असणार, ती निसटली असणार, आणि मग सगळं गोळा करून पिशवीत. ताईंनी ओला कचरा वेगळा काढायला हात घातला आणि काच थेट तळव्यात गेली. तिखट, मीठ, मोहरी, तेल, सगळं त्या जखमेत. मी नळाखाली हात धरला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मीठ लई झोंबतंय ओ मॅडम."

चार टाके पडले. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. पंधरा दिवस हात ओला करायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय.

ही पोस्ट आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार होते, पण तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली ती दहा मिनिटांत गडप होईल. म्हणून इथे लिहिते आहे. आपले निम्मे लोक इथे आहेतच, आणि बाकीच्या मित्रमंडळींच्या सोसायट्यांतही हेच चाललेलं असणार.

बरणी कुणाची ते मला शोधायचं नाही. राग मला त्या दोन गाठींचा आला आहे. गाठ मारली की आपल्यापुरता कचरा संपतो. पण ती गाठ कुणालातरी सोडावी लागतेच, आणि तीही नुसत्या हाताने, कारण दिलेले हातमोजे आठवडाभरात फाटतात आणि आपण दुसरे आणून देत नाही. पुण्यात 1993 साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तीस वर्षं उलटून गेली. ज्यांच्या संघटनेच्या नावात काच आहे, त्यांच्या हातात ती कशी द्यायची एवढंही आपल्याला जमू नये?

तर सोमवार, 1 जूनपासून आपल्या सोसायटीत कचरा वेगळा करूनच द्यायचा आहे. कमिटीत ठरलं आहे. खरं तर 15 जूनची तारीख होती. आज दुपारी मी अध्यक्षांच्या घरी जाऊन बसले आणि ती अलीकडे आणली.

प्रत्येक घराला हिरवी बादली, निळी बादली आणि झाकणाचा छोटा लाल डबा मिळेल. हिरवी ओल्याची, निळी सुक्याची, लाल डबा डायपर, सॅनिटरी पॅड आणि बँडेजचा. वॉचमनच्या केबिनशेजारी एक काळी पेटी ठेवतोय. ट्यूब, बल्ब, पेन्सिल सेल, मुदत संपलेली औषधं, फिनेल-रंगाचे डबे त्या पेटीत. हे रोज निघत नाही, म्हणून ते रोज कुणी न्यायचंही नाही. साठलं की एकदम जाईल.

हिरव्या बादलीत प्लास्टिकची पिशवी लावायची नाही. सगळ्यात जास्त कुरकुर याच मुद्द्यावर होणार हे मला माहीत आहे. बादली खराब होते, कोण धुणार वगैरे. वर्तमानपत्राचे दोन कागद आडवे-उभे ठेवून तळाशी बसवा, कडा वर येऊ द्या. भाजी-आमटी उरली तर आधी गाळणीवर ओता, पाणी सिंकमध्ये, चोथा बादलीत. चहाची पावडर पिळून टाका. पाणी गेलं की वासही येत नाही आणि कागदही फाटत नाही. मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळं एकाच कॅरीबॅगमध्ये भरत होते, त्यामुळे ही सवय मोडणं अवघड वाटतं हे मला मान्य आहे. आठ दिवस लागतात. नवव्या दिवशी हात आपोआप बरोबर बादलीकडे जातो.

शिळं अन्न, साली, देठ, अंड्याची टरफलं, निर्माल्य हे सगळं हिरव्यात चालेल. निर्माल्यातला दोरा मात्र आधी काढा. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी वेगळ्या ठेवा, त्यांच्यासाठी खाली गोणपाट लावलं आहे. दीड महिन्यात साल कुजते, कोय जशीच्या तशी राहते. सध्या तर प्रत्येक घरातून रोज पाच-सहा कोयी निघताहेत.

निळ्या बादलीचं एकच सांगते. सुकं म्हणजे खरोखर सुकं. ताई कागद, पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या भंगारवाल्याला विकतात, आणि आपण महिन्याला जे देतो त्याच्या जोडीला त्यांची तीच कमाई. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की तो ओला होऊन कुजतो, त्याला गिऱ्हाईक उरत नाही. म्हणजे एका वाटीभर आमटीने आपण त्यांचे त्या दिवसाचे पैसे नासवतो. दुधाची पिशवी विसळून उलटी वाळत घाला. आणि पिशवी कापताना तिचा कोपरा तोडून टाकू नका, चीर देऊन लटकता ठेवा. तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, तो खतात जातो, नाहीतर गटारात. वेफर्सची चकचकीत पाकिटं सहसा कुणी विकत घेत नाही, तरी ती निळ्यातच टाका. निदान ओल्यात मिसळणार नाहीत.

आता काच. आज सकाळपासून ताईंचा हात डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हे नीट लिहिते. काही फुटलं की तुकडे झाडूने सुपलीत घ्या, जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत भरा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात "काच" लिहा आणि ते वेगळं, हातात द्या. कोणत्याही बादलीत नाही. लोणच्याची बरणी फुटली तर त्यातलं लोणचं ओल्यात टाकायला वेगळं काढत बसू नका, सगळं तसंच त्या खोक्यात जाऊ द्या. पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटं नव्हती कुणाकडे?

डायपरबद्दल लिहायला लाज वाटते, पण ती उघडा टाकणाऱ्यालाच वाटायला हवी. वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढा, लाल डब्यात टाका. लाल ठिपक्याची मोहीम पुण्यात याआधी झालेली आहे, यात नवीन काही नाही. ठिपका दिसला की ते पुडकं कुणी उघडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका यासाठी रद्दीच्या कागदी पिशव्या करून विकतात, त्या घेतल्या तर आणखी सोपं. नुसतं काळ्या पिशवीत बांधून दिलं तर आत काय आहे हे कळणार कसं? ताईंनाही आज कळलं नाही.

"आपण वेगळं करायचं आणि पुढे गाडीत सगळं एकत्रच," असं बी विंगचे काका मीटिंगमध्ये म्हणाले. होत असेल कधीकधी, मी नाही म्हणत नाही. पण आपला ओला कचरा गाडीत चढणारच नाही. तो बिल्डिंगमागच्या खताच्या चार हौदांत जाणार आहे.

हो, तेच हौद. 2022 मध्ये सुटलेला वास सगळ्यांना आठवतो, आणि "पुन्हा ते नको" म्हणणाऱ्यांचं मला कळतं. तेव्हा काय चुकलं ते मी नंतर एका जाणकार माळ्याला आणून दाखवलं होतं. त्याने काठी घालून ढवळलं तर खालून काळं पाणी आलं, सडक्या अंड्यासारखा भपकारा आला आणि काठीला गुंडाळून सात-आठ कॅरीबॅग वर आल्या. नुसतं ओलं टाकत होतो, सुकी पानं नाहीत, हवा नाही. मग ते सडणारच.

या वेळी एक बादली ओल्या कचऱ्यावर एक बादली सुकी पानं असं ठरलं आहे, आणि दोन-तीन दिवसांनी ढवळायचं. माझ्या घरी चार माणसांचा ओला कचरा मी आठवडाभर मोजला, आंब्याच्या दिवसांत रोजचा किलोभर भरला. 48 घरांचा धरा रोजचा 50 किलोच्या आसपास. एक हौद साधारण पंधरा दिवसांत भरेल, मग तो झाकून दुसरा सुरू करायचा. चौथा भरेपर्यंत पहिल्याला दीड महिना मिळतो. बदामाची आणि गुलमोहराची पानं मार्चपासून गोणींत भरून ठेवली आहेत, गच्चीवरच्या शेडमध्ये 38 गोणी आहेत. पाऊस सुरू झाल्यावर सुकं पान शोधून मिळत नाही, म्हणून त्या गोणी कुणी हलवू नका.

बरं चाललंय का, हे कुणालाही बघता येईल. हौदात वीतभर आत ऊब लागली आणि पावसात भिजलेल्या मातीसारखा वास आला तर ठीक. वास कुबट आला तर पानं वाढवा आणि ढवळा. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरून फिनाइल ओतू नका. त्या कचराच खातात, घरात येत नाहीत. फिनाइलने मात्र कुजवणारं सगळंच मरतं. 2022 ला आपण तेही केलं होतं.

ए विंगमध्ये एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, त्यांना वाकून तीन डबे सांभाळणं होणार नाही. त्यांचं मी करीन, माझ्याच मजल्यावर आहेत. ज्यांच्याकडे स्वयंपाकाला किंवा कामाला मावशी येतात त्यांनी बादल्या त्यांना हातात धरून दाखवा, नुसतं "आजपासून वेगळं करा" म्हणून ऑफिसला निघू नका. बरेचदा कचरा आपण टाकतच नाही, त्या टाकतात.

संध्याकाळी ताईंकडे जाऊन आले. हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. बरणी कुणाची ते त्यांनी विचारलं नाही. "आता वेगळं देणार का सगळे?" एवढं विचारलं, आणि मी हो म्हणून आले आहे.

त्या पंधरा दिवस येणार नाहीत. त्यांची सून येईल, पण तिला आणखी दोन बिल्डिंगा आहेत, म्हणून बी विंगचा कचरा मी आणि तिसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण मिळून घेणार आहोत. सकाळी आठला बेल वाजवू. 1 जूनची वाट न बघता उद्या निदान काच आणि डायपर तरी वेगळं गुंडाळून ठेवा. लाल पेनं लिफ्टजवळच्या खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवली आहेत.