साबणाचा शेअर पडत नाही म्हणे!

शेअर बाजारात एक सल्ला हमखास ऐकू येतो: "मंदी येणार म्हटलं की ऑटो-मेटल विका, एफएमसीजी-फार्मा घ्या. साबण-औषधं घ्यायचं कुणी थांबवत नाही, म्हणून हे शेअर पडतच नाहीत. मंदी संपली की परत ऑटोत या."

साबणाचं खरं आहे, पण खरी गंमत नफ्याच्या हिशोबात आहे. समजा, शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री ट्रक बनवणाऱ्या कंपनीला महिन्याला 100 लाखांचं कास्टिंग विकते. पिग आयर्न, स्क्रॅप, भट्टीची वीज असा 60 लाखांचा खर्च कामाबरोबर कमी-जास्त होतो. पगार, भाडं, व्याज मिळून 30 लाख मात्र भट्टी थंड असली तरी द्यायचेच. उरले 10. आता विक्री 20 टक्क्यांनी घटली: 80 मधून 48 आणि 30 गेले, हातात 2. विक्री पाचव्या हिश्शाने घटली आणि नफा 80 टक्के गेला.

साबणवाल्याचे 100 लाखांत बदलते 60, ठरलेले 20, नफा 20 धरा. मंदीत लोक मोठी वडी सोडून छोटी घेतात, विक्री फार तर 3 टक्क्यांनी घटते. नफा 18.8, म्हणजे घट 6 टक्के. अंघोळ पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही, ट्रक ढकलता येतो. त्यातून वाहन कंपनी आधी यार्डातला माल संपवते, त्यामुळे फाउंड्रीची ऑर्डर ट्रकच्या विक्रीपेक्षाही जास्त तुटते.

"पडतच नाहीत" हे मात्र चूक. 2008 मध्ये सेन्सेक्स 20,287 वरून 9,647 वर आला, तेव्हा एफएमसीजीचा निर्देशांकही घसरलाच. फक्त बाजारापेक्षा बराच कमी. आणि घेतलेला भाव कुठे जातो? हिंदुस्तान युनिलिव्हर 2000 साली महाग घेणाऱ्याला तोच भाव पुन्हा बघायला साधारण दहा वर्षं लागली. धंदा बुडाला नव्हता, भाव आधीच फुगला होता. फार्माला तर या पंगतीत डोळे झाकून बसवू नका. आपल्या मोठ्या औषध कंपन्यांची बरीच कमाई अमेरिकेतून येते. तिथे जेनेरिकचे भाव पडले किंवा तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, कारखान्यावर बोट ठेवलं, की इथली तेजी-मंदी कामाला येत नाही. 2015 नंतरची चार-पाच वर्षं फार्मा निर्देशांक असाच रखडला.

राहिलं "मंदी संपली की परत या." संपल्याचं सांगणार कोण? विकासदराचा आकडा तिमाही उलटून दोन महिन्यांनी येतो, बाजार त्याच्या आधी निघून जातो. सेन्सेक्सने 9 मार्च 2009 ला 8,160 वर तळ गाठला, तेव्हा बातम्या सगळ्या काळ्याच होत्या. वर्षअखेर तो 17,464 वर होता, ऑटो आणि मेटल तर दुपटीच्याही पुढे. शिरोलीत रात्रपाळी पुन्हा सुरू झाल्याचं बघून ऑटो घ्यायला निघालेल्याला त्यातलं बरंचसं मिळालंच नसतं.