अर्धं वाक्य

"गोष्टीतल्या आजीच्या डायरीतलं शेवटचं वाक्य लेखिकेने पूर्ण का नाही केलं?"

अहो तीच तर गंमत आहे. 'उद्या ती आली की तिला मी ते पत्र' इथे डायरी थांबते, आणि आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं ना, त्यामुळे देणार होती, नुसतं दाखवणार होती की कधीच दाखवणार नव्हती काहीच कळत नाही, नात पण तिथेच अडकते. पुढे तीन टिंबं नाहीत हे बेस्ट, टिंबं असती तर आजी नाही, लेखिका थांबलीय असं वाटलं असतं.

फक्त एकच, पान उलटून मागे उमटलेला पेनचा दाब नात बोटाने चाचपते तो सीन भारीये, तिथेच संपवायची ना गोष्ट, नंतरचा रडण्याचा पॅरा उगाच (माझं मत हां).