‘आधी टेस्ट करा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

सेल्फी कॅमेऱ्यात चेहरा आपोआप गुळगुळीत करणारी ‘ब्युटी’ असते, ती शून्यावर आणा असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया अशी होती:

“मॅडम, तुमच्या सांगण्यावरून सेल्फी कॅमेऱ्याची ब्युटी शून्यावर केली. रात्री साडेदहाला घरात फोटो काढला, चेहरा तरी मेणाचाच. अर्धवट माहिती लिहून लोकांचा वेळ कशाला घालवता? आधी टेस्ट करा, मग लिहा. आणि आयफोनमध्ये तर ब्युटी नसतेच, तेही लिहिलं नाही. पोर्ट्रेटचंही काही नाही. लेख उगाच लांब आहे.”

नमस्कार. पहिल्यांदा तुमच्या सुराबद्दल. मुद्दा असेल तर तो नीट शब्दात मांडता येतो, बडोद्याच्या मराठी माणसाला इतकं तरी जमायला हवं. ‘वेळ कशाला घालवता’ म्हणणाऱ्याने स्वतः दहा ओळी लिहिण्यात किती वेळ घालवला तेही बघावं.

पोर्ट्रेटचं राहिलं, मान्य. बऱ्याच फोनमध्ये साध्या फोटोची ब्युटी वेगळी आणि पोर्ट्रेट मोडची वेगळी असते, एक शून्यावर आणली म्हणून दुसरी आपोआप येत नाही, दोन्हीकडे जाऊन बघावं लागतं, व्हिडिओतही. ही चूक माझी, लेखात आता घातलंय. झालं समाधान?

आता ‘टेस्ट करा’. हे वाक्य मला लागलं, उगाच का खोटं बोलू. सासऱ्यांचा रावपुऱ्यात स्टुडिओ होता आणि लग्न होऊन आल्यावर पहिली सहा-सात वर्षं मी तिथे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवलीय. आजच्या पोरांना वाटतं चेहरा गुळगुळीत करणं फोनने शोधून काढलं. अहो, निगेटिव्हवर सुरकुती पारदर्शक रेघेसारखी दिसते, कारण ती खरी गडद असते. मग इमल्शनच्या बाजूला औषध लावायचं, म्हणजे पेन्सिल धरते, आणि अगदी टोकदार शिशाने त्या रेघेत बारीक बारीक ठिपके भरायचे. तेवढा भाग निगेटिव्हवर काळा झाला की प्रिंटमध्ये उजळ येतो आणि सुरकुती जाते. जास्त भरलं की गाल पीठ लावल्यासारखा दिसायचा आणि सासरे म्हणायचे, “सूनबाई, हा माणूस आहे, गणपतीची मूर्ती नाही.” त्यामुळे गुळगुळीत चेहरा कसा बनतो ते मला शिकवू नका.

तुमच्या फोटोत काय झालंय ते तुम्हीच लिहून दिलंय, तुम्हालाच दिसलं नाही. रात्री साडेदहा, घरात. म्हणजे ट्यूबलाइट, तीही बहुतेक डोक्यावर किंवा पाठीमागे. पुढच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारणपणे मागच्या मुख्य कॅमेऱ्यापेक्षा लहान असतो, त्याला प्रकाश कमी मिळाला की फोटोत दाणे येतात. फोन ते दाणे पुसतो, बऱ्याचदा तीन-चार फोटो एकावर एक ठेवून. आता गंमत अशी की कपाळावरची रंध्रं आणि हे दाणे दोन्ही बारीक, दोन्ही आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचितच वेगळे, त्यामुळे पुसणाऱ्याला फरक कळत नाही, दोन्ही जातात. भुवई वाचते कारण ती काळी आणि ठळक. म्हणून रात्रीच्या सेल्फीत भुवया ठीक आणि कपाळ मेण. ब्युटीचा स्लायडर याच्या वाटेला जातच नाही, तो शून्यावर असो की शंभरावर.

आणि हे मी अंदाजाने लिहीत नाहीये हो. गेल्या नवरात्रीत भाची गरब्याहून आली, तिने ग्राउंडवर काढलेला फोटो दाखवला आणि अगदी तुमच्यासारखंच म्हणाली, मावशी तू सांगितलंस तसं शून्यावर केलं तरी हे बघ. हनुवटीवरचा तीळ पार फिका, गालावरचे फोड गायब. मी म्हटलं गाल सोड, ओढणी बघ. बांधणीची ओढणी होती. झूम केलं तर बांधणीचे ठिपके एकमेकात मिसळलेले, कापडाचा पोत कुठे नाहीच. ब्युटीला ओढणीशी काय घेणंदेणं? ती चेहरा ओळखते आणि तिथेच काम करते. म्हणजे हे पुसणं अंधाराचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर सावलीत, उन्हात नाही, तीच ओढणी, तोच फोन, स्लायडर शून्यावर. तीळ आला, फोड आले, ठिपके एकेक मोजता यावेत असे. मग मी मुद्दाम स्लायडर अर्ध्यावर नेला. आता फोड गेले, तीळ धूसर झाला, पण ओढणीचे ठिपके जसेच्या तसे स्वच्छ. ही खरी ब्युटी. कापड स्पष्ट आणि कातडी मेण म्हणजे कुठेतरी ब्युटी चालू राहिलीय. कापडही गेलं म्हणजे प्रकाश कमी. इतकं बघायला एक फोटो पुरतो, ‘आधी टेस्ट करा’ म्हणणाऱ्यांनी तेवढं तरी करायचं.

तिसरी एक शक्यता आहे, ती विचारली नाहीत तरी सांगते. कापड, कातडी, मागची भिंत, सगळंच धुरकट असेल आणि दिव्याभोवती वलय दिसत असेल तर कॅमेऱ्यावर बोटाचं तेल आहे, किंवा स्क्रीन गार्ड पूर्ण कॅमेऱ्यावरून गेलाय. रुमालाने पुसा. हसू नका, स्टुडिओत शेजारचे लोक फोन दाखवायला यायचे त्यातल्या कितीतरी जणांचं एवढ्यावर भागायचं.

आयफोनचं बोलायचं तर हो, त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात ब्युटीचा स्लायडर नाही. पण म्हणून मेण नाही असं थोडंच आहे. 2018 साली आयफोन XS आला तेव्हा सेल्फी गुळगुळीत येतात म्हणून केवढी बोंब झाली होती, लोक म्हणाले अॅपलने गुपचूप ब्युटी घातली. निघालं काय, तर स्मार्ट एचडीआर जे अनेक फोटो जोडायचं त्यात आधाराला सगळ्यात स्पष्ट फोटो घ्यायच्या ऐवजी वेगळाच घेतला जात होता, आणि आयओएस 12.1 मध्ये ते दुरुस्त केलं. स्लायडर नव्हताच, तरी चेहरा मऊ. म्हणजे तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने येतो. धन्यवाद.

लांबीबद्दल काही म्हणायचं नाही. लांब वाटत असेल तर वाचू नका, मी काही फी घेत नाही.

तर तुम्ही आता असं करा. उद्या सकाळी खिडकीकडे तोंड करून, खिडकी पाठीशी नाही, एक फोटो काढा, रेघांचा किंवा जाड विणीचा शर्ट घालून. कॅमेरा एकदा बंद करून पुन्हा उघडा आणि ब्युटी परत चढली नाही ना ते बघा, काही फोन दर वेळी आपल्या मर्जीने परत आणतात आणि सेटिंग्जमध्ये ‘जुन्या निवडी लक्षात ठेव’ असं काहीतरी असतं ते चालू करावं लागतं. रात्रीच काढायचा असेल तर दिवा समोर, चेहऱ्यापासून दोनेक हात, आणि फोन टेकवून ठेवा, कारण हात हलला की अजून मऊ होतो. तरीही अंधारात थोडं पुसलं जाणारच, ते बंद करायचं बटण साध्या कॅमेऱ्यात नसतं, आणि हे मी लेखात लिहिलं नव्हतं असं तुम्ही म्हणाल, तर लेख ब्युटीवर होता, अंधारावर नव्हता.

निकाल मला पाठवायचा असेल तर फक्त कपाळ आणि कॉलरचा तुकडा कापून पाठवा, पूर्ण चेहरा नको. व्हॉट्सअॅपवर पाठवलात तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात की तो दाबून लहान करतो आणि कपाळाचा पोत पहिला जातो, मग तेही माझ्याच नावावर लावाल.