बेरीज की क्रमांक?

काल रात्री कट्ट्यावर चहा गार होईपर्यंत वाद चालला. मंडळाने यंदा गणपतीतल्या रांगोळी स्पर्धेचा परीक्षणाचा तक्ता आमच्यावर सोपवलाय, आणि गेल्या वर्षीचा निकाल अजून कुणाच्या पचनी पडलेला नाही.

"तीन परीक्षक, प्रत्येकी ५० गुण, बेरीज करा. यात अन्याय कसला?" मंदार म्हणाला.

सुनीलने जुने कागद काढले. "सात नंबरची रांगोळी बघ. ४२, ४१ आणि २८. एकूण १११. बारा नंबरला ३८, ३७ आणि ४६. एकूण १२१, म्हणून बक्षीस तिला. पण पहिल्या दोघांच्या कागदावर सातच पहिली होती!"

"तिसऱ्यांना नसेल आवडली."

"नसू दे ना. पण पहिले दोघं सगळ्यांना ३४ ते ४२ मध्येच ठेवतात. तिसरे २० पासून ४६ पर्यंत जातात. सात आणि बारामध्ये त्या दोघांनी चार-चार गुणांचा फरक केला, यांनी अठराचा. हात सैल सोडणाऱ्याचं मत आपोआप जड झालं."

म्हणून मी सुचवलं, की प्रत्येकाच्या गुणांवरून त्याच्याच कागदावर क्रमांक लावायचे आणि त्यांची बेरीज करायची. सातचे क्रमांक आले १, १, ४, म्हणजे ६. बाराचे ५, ६, १, म्हणजे १२. तीन नंबरचे २, ३, २, म्हणजे ७. सात जिंकली.

वैशालीने तिथेच अडवलं. "पंधरा रांगोळ्या आहेत. तिसऱ्याने सातला मुद्दाम पंधरावी टाकली तर? बेरीज १७, आणि तीन नंबर पुढे."

बरोबर होतं तिचं. मग ठरलं, की बेरजेआधी मधला क्रमांक बघायचा. १, १, १५ मधला १. २, ३, २ मधला २. सात पुढेच राहते. मधला क्रमांक सारखा आला तरच बेरीज.

"मग तिसऱ्याच्या मताला किंमत काय?" मंदार चिडला.

"पहिल्या दोघांचं जुळलं नाही, की त्याचंच मत ठरवतं," वैशाली म्हणाली.

अडचण एकच. आकडे इतके जवळ असले, की एकाच कागदावर दोन-तीन रांगोळ्यांना सारखे गुण पडतात. तेव्हा परीक्षकाने कागद देण्याआधी पहिल्या पाचांत तरी स्वतःच वर-खाली ठरवायचं, आणि तोवर एकमेकांशी बोलायचं नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, एकदा एक जण "ती कोपऱ्यातली काय सुंदर!" म्हणाला, की बाकी दोघांचं मत त्याच्याकडे ओढलं जातं.

मग 'सामाजिक संदेश'चे दहा गुण निघाले. ठिपक्यांच्या रांगोळीत संदेश कुठून आणणार? तो रकाना मी खोडला. रेषा, रंगसंगती, मांडणी आणि सफाई एवढंच ठेवलं. ठिपक्यांची आणि व्यक्तिचित्राची रांगोळी वेगळ्या गटांत जाईल. मंदारला हे अजून पटलेलं नाही. गट वाढले तर बक्षिसांचे पैसे कुठून, हा त्याचा प्रश्न उद्यावर गेला.