बीटीनं अळी मरते, मग आपण का नाही?

«बीटी हे अळीचं आतडं फोडणारं विष आहे. जे अळीचं आतडं फोडतं ते आपलं सोडेल का? हेच कोबीवर मारतात आणि आपण तो कच्चा खातो. वर गंमत म्हणजे फवारल्यावर दोन दिवस अळी जिवंतच असते, म्हणजे शेतकऱ्याला नुसतं पाणी विकलं! बीटी कपाशीला बोंडअळी लागली तेव्हाच ही थाप उघडी पडली. पुढे पाठवा.»

फिरत आलेल्या या निरोपात आतडं फोडणारं विष आणि नुसतं पाणी, दोन्ही एकाच दमात. असो, एकेक बघू.

आतडं फुटतं हे खरं आहे. पण कसं, ते पाहिल्याशिवाय पुढचा प्रश्न सुटत नाही. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जिवाणू. खाणं संपत आलं की तो बीजाणू तयार करतो, आणि त्याच पेशीत बीजाणूशेजारी प्रथिनाचा एक स्फटिक रचतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो दोन पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवल्यासारखा दिसतो. हा स्फटिक साध्या पाण्यात विरघळत नाही आणि त्या रूपात विषारीही नसतो. पानं खाणाऱ्या अळीचं मधलं आतडं मात्र कडक अल्कधर्मी असतं, सामू नऊ-दहाच्या घरात. तिथे स्फटिक विरघळतो. मग अळीचेच पाचकरस त्या लांबलचक प्रथिनाचा साधारण अर्धा भाग छाटून टाकतात आणि उरतो तो खरा मारेकरी. थोडक्यात, अळी स्वतःचं विष स्वतः तयार करते.

कॅनडातल्या अँगस या शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये रेशीमकिड्यांवर प्रयोग करून दाखवून दिलं की रोगाचं मूळ हा स्फटिक आहे, आणि तो अल्कधर्मी रसात विरघळल्यावरच काम करतो.

इथवर आलं की बहुतेक जण उत्तर देऊन मोकळे होतात: आपलं जठर आम्लधर्मी, म्हणून आपल्याला काही होत नाही. उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट. आपलं लहान आतडं किंचित अल्कधर्मी असतं, आणि पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्याच्या जठरात आम्लही कमी असतं. समजा, थोडं प्रथिन विरघळून आतड्यापर्यंत पोचलंच, तर?

तर त्याला धरायला जागा नसते. छाटलेलं प्रथिन आतड्याच्या पेशीला नुसतं लागून भागत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रथिनांना, उदाहरणार्थ अळीच्या कॅडहेरिनला, ते किल्लीसारखं बसावं लागतं. बसलं की असे अनेक रेणू एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला भोक पाडतात. क्षार आणि पाणी आत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते. आपल्या आतड्याच्या पेशींवर या किल्लीला बसणारी कुलपं नाहीत. कॅडहेरिन नावाची प्रथिनं आपल्यातही आहेत, पण नाव एक असलं तरी घडण वेगळी.

हे कुलूप-किल्लीचं प्रकरण नुसती कल्पना नाही, आणि त्याचा उत्तम पुरावा कोबीवरच मिळाला. कोबी खाणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, ज्याला सगळे डायमंड बॅक मॉथ म्हणतात, शेतात बीटीच्या फवाऱ्याला प्रतिकारक झालेली पहिली कीड ठरला. हवाई बेटांवरच्या शेतांतली ही नोंद १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी फिलिपिन्समधल्या अशाच प्रतिकारक अळ्या तपासल्या, तेव्हा कळलं की त्यांच्या आतड्यावर हे प्रथिन आता धरतच नव्हतं. पान तेच, किल्ली तीच. कुलूप बदललं म्हणून अळी वाचली. नुसत्या कुलपाच्या फरकानं कोबीवरची अळी वाचत असेल, तर ज्याच्याकडे ते कुलूप मुळात नाही त्याच्या आतड्याचं काय होणार?

आता दोन दिवसांचा मुद्दा. रासायनिक औषधाची सवय झालेल्या माणसाला हे खटकणारच, कारण ते बहुधा मज्जासंस्थेवर घाव घालतं आणि अळी तासाभरात तडफडून खाली पडते. इथे आधी आतडं लुळं पडतं, काही तासांत खाणं थांबतं, आणि मरण दोन-तीन दिवसांनी येतं: उपासमारीनं, आणि फुटलेल्या आतड्यातून रक्तात शिरलेल्या जिवाणूंमुळे. म्हणून मेलेल्या अळ्या मोजत बसू नका, पान आणि लेंड्या बघा. मी फवारलेलं कोबीचं पान चार अळ्यांसकट डब्यात ठेवलं होतं, शेजारच्या डब्यात न फवारलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठही अळ्या जिवंत होत्या. पण न फवारलेल्या डब्यात पानाची जाळी झाली होती आणि तळाशी हिरव्या लेंड्यांचा सडा होता. फवारलेल्या डब्यात पानाला चार-दोन ओरखडे आणि तळ जवळपास कोरा. तिसऱ्या दिवशी या अळ्या काळपट, लिबलिबीत होऊन पानाला चिकटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीही ताज्या लेंड्या पडत असतील, तर मात्र फवारा खरंच वाया गेला. सहसा कारण साधं असतं. भर दुपारी मारलं, उन्हातल्या अतिनील किरणांनी प्रथिन निकामी केलं. म्हणून संध्याकाळची वेळ. पानाच्या वरूनच मारलं, अळी खालून खात होती. अळ्या मोठ्या झाल्यावर मारलं. पंपातलं पाणीच फार अल्कधर्मी होतं, तर स्फटिक पोटाऐवजी टाकीतच विरघळतो. आणि या पतंगाची नुकती बाहेर पडलेली अळी पानाच्या आत शिरून पोखरते. तिच्यापर्यंत पृष्ठभागावरचा थर पोचतच नाही, त्यामुळे ती बाहेर येईल तेव्हा पानावर ताजा थर हवा.

कपाशीचं उत्तर वर येऊन गेलंच आहे. बीटी कपाशीत या जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळे हे प्रथिन झाड स्वतःच बनवतं. २००२ मध्ये आपल्याकडे आलेल्या बीटी कपाशीत असं एकच प्रथिन होतं, २००६ पासून दोन. गुलाबी बोंडअळीनं आधी पहिल्याला दाद देणं सोडलं, मग दुसऱ्यालाही, आणि २०१७ मध्ये विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली. भारतातल्या प्रतिकारक बोंडअळ्यांमध्ये कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड सापडले आहेत: पुन्हा तेच कुलूप. हे काम न करणाऱ्या औषधाचं लक्षण नव्हे. मरणाऱ्या मरत गेल्या, म्हणूनच न मरणाऱ्यांचं राज्य आलं. बीटीनं मरणाऱ्या अळ्यांचाही वंश टिकावा म्हणून कडेला बिगरबीटी कपाशी लावायची ती कुणी फारशी लावली नाही, पीक फेब्रुवारीपर्यंत उभं ठेवलं, आणि ही अळी जवळपास कपाशीवरच जगणारी. तिला दुसरीकडे जायचं कारणच उरलं नाही. चूक वापराची होती, आणि ती एकट्या शेतकऱ्याची नव्हती.

भीती बाळगायचीच असेल तर ती स्फटिकाची नको. अन्नातून विषबाधा करणारा बॅसिलस सेरिअस हा या जिवाणूचा सख्खा भाऊबंद आहे, आणि फवाऱ्याच्या पावडरीत जिवंत बीजाणू असतात. त्यामुळे कच्चा कोबी धुऊन खा आणि पावडर कालवताना नाकातोंडाला फडकं बांधा. आणि शेजारी तुतीची बाग असेल तर वाऱ्याची दिशा बघा. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना हा जिवाणू सापडला तो कीड मारण्याच्या शोधात नव्हे, तर पटापट मरणाऱ्या रेशीमकिड्यांमध्ये.